मुलांची अर्धशिशी

अर्धशिशी म्हटली की आपल्याला अर्धं डोकं धरून बसलेला मोठा माणूस आठवतो. शाळकरी मुलांचं मात्र बहुधा सगळं कपाळ दुखतं, मळमळतं, उलटी होते. अनेकदा दोन-तीन तास झोपून उठलं की मूल खेळायला पळतं. मग घरात कुणीतरी म्हणतं, "सोंग होतं सगळं!" ते सोंग नसतं.

समजा, पाचवीतली मुलगी दुपारी शाळेतून रडवेली येते, उजेड नको म्हणते. आपण महिनाभर वहीत तारीख, वेळ, त्याआधीचं खाणं, पाणी आणि झोप लिहू. चारपैकी तीन वेळा डबा तसाच परत आलेला दिसला, तर सुरुवात तिथूनच करू: सकाळी न्याहारी, मधल्या सुट्टीत डबा, रात्री ठरल्या वेळी झोप.

डोकं दुखू लागताच तिला शांत, अंधाऱ्या खोलीत निजवू. डॉक्टरांनी वजनावरून ठरवून दिलेलं पॅरासिटामॉल तेव्हाच देऊ. दुखणं चढल्यावर ते कमी लागू पडतं. ॲस्पिरिन मुलांना देऊ नये. आठवड्यातून दोन दिवसांहून अधिक औषध लागलं, तर वही डॉक्टरांना दाखवू.

डोकेदुखीने पहाटे जाग येणं, चालताना तोल जाणं, तापात मान आखडणं, यांपैकी काही दिसलं तर मात्र वहीत न अडकता लगेच दवाखाना गाठू.