मधल्या खांबावरचा मोमेंट



अध्यक्षाने व्यवसायाच्या भवितव्यावर बोलावे, असा रिवाज आहे. मी आज एका बीमवर बोलणार आहे. नागभीड हे धानाचे गाव. म्हणून धानाच्या पोत्यांचा माळा पेलणारा बीम घेऊ. हिशेबासाठी कल्पिलेला आहे, पण असे बीम तुम्ही सगळ्यांनी टाकले आहेत.

सहा-सहा मीटरचे दोन गाळे, मध्ये खांब. भारगुणक धरून कायमचा भार मीटरला 24 किलोन्यूटन आणि पोत्यांचा 16. दोन्ही गाळे भरले, तर मधल्या खांबावर 180 किलोन्यूटन-मीटर मोमेंट येतो आणि गाळ्यात 101. आता डावा गाळा भरलेला आणि उजवा रिकामा धरा. खांबावरचा मोमेंट 144 वर उतरतो, पण भरलेल्या गाळ्यातला 115 वर चढतो. म्हणजे 180 आणि 115 हे आकडे कधीच एका वेळी येत नाहीत. तरी आपण खांबावर वरची सळई 180 ची घालतो आणि गाळ्यात खालची 115 ची.

आयएस 456:2000 इथे मोकळीक देते. खांबावरचा 180 वीस टक्क्यांनी कमी करून 144 धरा. दोन्ही गाळे भरले असताना समतोल राखण्यासाठी गाळ्यातला 101 चा 115 होईल. तेवढी सळई तिथे आधीच आहे. वाचली ती खांबावरची, जिथे सळयांच्या गर्दीत काँक्रीट उतरत नाही. कमाल मुभा 30 टक्क्यांची आहे. पण या बीममध्ये 20 च्या पुढे गेलात, की गाळ्यात सळई वाढवावी लागेल. सळई कुठे तोडायची, हे मात्र नव्या आकृतीवरून ठरवू नका. त्या आकृतीत दोन्ही गाळे भरले, तर खांबाजवळचा वरचा ताण 1.2 मीटरवर संपतो. एकच भरला, तर रिकाम्या गाळ्यात तो 2 मीटरपर्यंत जातो. वरची सळई त्याच्याही पुढे न्यावी लागते.

पण 180 चा 144 आपण म्हटल्याने होत नाही. बीमने तो करून दाखवायचा असतो. खांबावर सळई ताणून वाहू लागते, तिथला छेद बिजागरीसारखा थोडा फिरतो आणि पुढचा भार गाळ्याकडे जातो. हे फिरणे पूर्ण होईपर्यंत खालच्या कडेचे काँक्रीट टिकले पाहिजे. काँक्रीट 0.0035 एवढ्या विकृतीला चुरते. दाबाचा पट्टा, म्हणजे न्यूट्रल अक्षाची खोली, जितका उथळ, तितका छेद चुरण्याआधी जास्त फिरतो. म्हणून संहितेची अट अशी:

xu/d + δM/100 ≤ 0.6

वीस टक्के कमी केले, तर xu/d 0.40 च्या आत हवे. फे-500 सळईची नेहमीची मर्यादा 0.46 आहे, मोकळीक घेतली, की ती आवळते. आणि ही परीक्षा खांबावरच्या छेदाचीच असते. गाळ्यात दाब वर, रुंद स्लॅबमध्ये असतो, त्यामुळे अक्ष उथळच राहतो. खांबावर दाब खाली, बीमच्या अरुंद अंगात येतो.

आपला बीम 230 रुंद, प्रभावी खोली 550 मिलिमीटर, काँक्रीट एम-20. खांबावर 16 मिलिमीटरच्या चार सळया घातल्या, तर ताकद 161 भरते आणि xu/d 0.38. दोन्ही अटींत पास.

आता साइटवर जाऊ. खांबाच्या तोंडाशी काँक्रीट सरकत नाही, म्हणून कुणीतरी बादलीभर पाणी ओततो. समजा, तिथली ताकद 20 ऐवजी 15 झाली. मोमेंटची ताकद सुमारे 150 उरते, अजूनही 144 हून जास्त. तपासणारा समाधानाने सही करतो. पण xu/d 0.51 वर गेलेले असते. कमी पडले ते बळ नव्हे, फिरणे. ज्या वीस टक्क्यांवर आपण सळई वाचवली, ते गाळ्याकडे जाण्याआधीच खालची कड चुरू शकते, आणि सळई ताणल्याने पडणाऱ्या रुंद भेगांची पूर्वसूचना फारशी मिळत नाही. वर आणखी एक सळई टाकून हे सुधारत नाही. चांगल्या काँक्रीटमध्येसुद्धा पाचवी सळई xu/d 0.48 करते. माझ्या मते साइटवरची ही सगळ्यात महागडी दक्षता आहे.

उपाय खालच्या बाजूला आहे. गाळ्यातल्या खालच्या सळयांपैकी 16 च्या दोन, दाबाला पुरेल एवढी लांबी ठेवून, खांबावरून सलग पलीकडे न्या आणि तिथे रिंगा जवळ ठेवा, म्हणजे त्या वाकणार नाहीत. दाबाचा काही वाटा त्या उचलतात आणि तेच कच्चे 15 चे काँक्रीट धरूनही xu/d सुमारे 0.28 वर येते.

तेव्हा एवढेच मागणे आहे: नकाशात जिथे मोमेंट कमी केला, तिथे किती टक्के आणि xu/d किती, हे दोन आकडे लिहा, आणि स्लॅब भरायच्या दिवशी मधल्या खांबापाशी स्वतः उभे राहा.