गाडी धुण्याच्या महिन्याच्या कामाची जाहिरात : फोटोखाली काय लिहायचं?

आमचा बचत गट लातूरच्या कडेच्या एका गावातला. गेल्या वर्षापासून आम्ही दोघी-दोघी सकाळी शहरात जाऊन एका सोसायटीतल्या मोटारी पुसण्या-धुण्याचं काम घेतो. पैसे महिन्याचे, दुधाच्या रतिबासारखे. आज बोलायचंय ते त्या कामाच्या जाहिरातीबद्दल. व्हॉट्सॲपच्या स्टेटसला गाडीचा फोटो टाकतो आणि खाली चार ओळी लिहितो, त्यालाच कॅप्शन म्हणतात. त्या चार ओळी चुकल्या की महिनाभर भांडण पुरतं, हे आम्ही स्वतः भोगलंय.

आमची पहिली जाहिरात अशी होती : "गाडी रोज चकाचक, महिना फक्त 400 रुपये." वाचायला छान. चार जणांनी लगेच पैसे पाठवले. दुसऱ्या दिवशी पहाटे बादल्या घेऊन गेलो, तर वॉचमनदादांनी गेटवरच अडवलं. "सेक्रेटरी साहेबांची चिठ्ठी आणा." चिठ्ठी कुठून आणायची? चारही जणांचे 1600 रुपये परत केले आणि रिक्षाचं भाडं अंगावर पडलं.

त्यामुळे परवानगी आधी, जाहिरात नंतर. सेक्रेटरी एकटे हो म्हणाले तरी पुरत नाही. सोसायटीच्या कमिटीपुढे अर्ज ठेवायचा आणि सही-शिक्क्याचं पत्र घ्यायचं. पत्रात कोण येणार, किती वाजता, कोणत्या नळाचं पाणी घेणार आणि मळकं पाणी कुठं ओतणार, एवढं आलं पाहिजे. दोघींच्या आधार कार्डाच्या प्रती आणि फोटो गेटवर द्यायचे. आणखी एक गोष्ट कोणी सांगत नाही. पुष्कळ ठिकाणी वॉचमनच दोन-चार गाड्या पुसून वरचे पैसे मिळवतात. आमच्या सोसायटीत दादांकडे पाच गाड्या होत्या. त्या त्यांच्याच राहतील, असं आम्ही पहिल्याच दिवशी सांगितलं, तेव्हा कुठे गेट मोकळं झालं.

कमिटीचा खरा प्रश्न होता पाण्याचा. लातूरकर 2016 विसरलेले नाहीत. मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, 12 एप्रिलला पहिली गाडी आली ती 10 टाक्यांची, 5 लाख लिटरची. अशा गावात "गाड्या धुतो" म्हटलं की कपाळाला आठ्या पडणारच. म्हणून आम्ही हिशेबच मांडला. पाइप लावणार नाही. एक गाडी धुवायला 15 लिटरच्या दोन बादल्या, एक साबणाच्या पाण्याची आणि एक स्वच्छ. दिवसाला दोनच गाड्या धुवायच्या, म्हणजे 60 लिटर. बाकीच्या नुसत्या ओल्या फडक्यानं पुसायच्या, त्याला सगळ्या मिळून सहा बादल्या, म्हणजे 90 लिटर. एकूण 150. पाच हजार लिटरचा टँकर आमच्या कामाला महिनाभर पुरून उरेल, हे ऐकल्यावर पत्र मिळालं. आमच्यातल्या एकीची बहीण नांदेडला हेच काम करते. तिच्याकडच्या गाड्या बंगल्यांसमोर रस्त्यावर उभ्या असतात, तिथे पत्राचा प्रश्न नाही, पण पाणी शेजाऱ्याच्या दारात वाहिलं की तक्रार येतेच. बादलीचा नियम तिलाही पाळावा लागतो.

आता प्लॅन. पुसणं आणि धुणं वेगळं, हे लोकांना माहीत नसतं, म्हणून ते लिहावंच लागतं. पुसणं म्हणजे आधी झटकणीनं धूळ काढायची, मग ओलं फडकं फिरवायचं. आठ मिनिटांचं काम. धूळ न झटकता फडकं घासलं तर रंगावर बारीक ओरखडे येतात आणि भरपाई आपल्याकडे मागतात. धुण्याला पंचवीस मिनिटं लागतात आणि ते ऊन चढायच्या आत उरकायचं, नाहीतर बोअरचं क्षारयुक्त पाणी पत्र्यावर सुकून पांढरे डाग पडतात. आतली सफाई तिसरी. तिला किल्ली लागते, म्हणून ती मालक घरी असताना, रविवारीच आणि त्यांच्यासमोरच. किल्ली घरी नेणं तर सोडाच, खिशातसुद्धा ठेवायची नाही.

दिवसांची चूक आम्ही "रोज" या शब्दात केली होती. सोमवारी आम्ही सुट्टी घेतो, तर एका काकांनी त्या सोमवारांचे पैसे कापले. मग कॅलेंडर घेऊन बसलो. सोमवार वगळले तर फेब्रुवारीत 24 दिवस भरतात, बाकीच्या महिन्यांत 25 ते 27. म्हणून आम्ही "किमान 24 दिवस" लिहितो. सणावाराला, आजारपणाला एक-दोन दिवस हातात राहतात. फेब्रुवारीत मात्र राहत नाहीत, तेव्हा तिसरी बाई तयार ठेवतो. धुण्याचा वार प्रत्येक गाडीला ठरवून दिलाय. एखाद्या महिन्यात तो वार पाचदा येतो, म्हणून "महिन्यात 4 वेळा" असं स्पष्ट लिहितो, पाचव्या वारी नुसतं पुसणं. आणि खंडेनवमी! त्या दिवशी प्रत्येकाला गाडी धुऊनच हवी. चोवीस गाड्या दोघींनी एका सकाळी धुणं शक्य नाही, म्हणून आम्ही आदल्या तीन दिवसांत वाटून घेतो आणि तसं आधी कळवतो.

पैशाचा भाग नाजूक. सुरुवातीला एका ताईच्या मोबाइलवर पैसे यायचे. तिच्या घरच्या किराण्यात ते मिसळले आणि गटात संशय शिरला. ताईनं एक रुपया खाल्ला नव्हता, पण वहीत सिद्ध करता येईना. गटाचं खातं दोघींच्या सहीनं चालतं, त्यावर एकीच्या फोनवरून यूपीआय सुरू होईना. मग बँकेत जाऊन फक्त पैसे घेण्याचा क्यूआर कोड गटाच्या नावानं मागितला. आता पैसे देणाऱ्याला गटाचंच नाव दिसतं. कोणी पैसे पाठवल्याचा फोटो दाखवला तरी बँकेचा संदेश किंवा खात्यातली नोंद बघूनच वहीत लिहितो. आणि पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. कोणी पिन टाका म्हटलं की फोन ठेवून द्यायचा. रोख देणाऱ्याला पावती.

स्टेटसवर लांब मजकुराच्या पहिल्या ओळीच आधी दिसतात, म्हणून किंमत आणि जागा वर ठेवायची. फोटोतल्या गाडीचा नंबर झाकायचा. आमची आताची जाहिरात अशी आहे :

या सोसायटीतल्या गाड्यांसाठी, कमिटीच्या लेखी परवानगीने.
पुसणी : महिना 400 रुपये. मंगळवार ते रविवार, किमान 24 दिवस.
पुसणी आणि धुणी : 600 रुपये. धुणी महिन्यात 4 वेळा, ठरलेल्या वारी.
पुसणी, धुणी आणि आतली सफाई : 800 रुपये. आतली सफाई महिन्यातून 2 रविवारी, मालकांसमोर.
मोठ्या गाडीला 100 रुपये जास्त.
वेळ सकाळी पावणेसहा ते आठ. सोमवारी सुट्टी. धुणी दोन बादल्यांत, पाइप नाही.
पैसे 1 ते 5 तारखेला आगाऊ, गटाच्या क्यूआर कोडवर किंवा रोख, पावतीसह. 15 तारखेनंतर सुरू केल्यास पहिला महिना अर्धा.
जुने ओरखडे पहिल्या दिवशी मालकांसोबत बघून वहीत लिहिले जातील.

शेवटची ओळ नंतर आली. एका गाडीच्या दारावरची जुनी रेघ आमच्या माथी आली होती, तेव्हापासून.