मॅटिकचा आलेख आणि बिटकॉइनचे माप

बिटकॉइनखेरीज इतर आभासी चलनांना ‘ऑल्टकॉइन’ म्हणतात. त्यांचा डॉलरमधला भाव चढला, एवढ्यावरून त्या चलनाची स्वतःची ताकद ठरत नाही. यवतमाळच्या बाजार समितीत कापसाचा भाव चढला, पण वणी आणि पांढरकवड्यात तो त्याहून अधिक चढला असेल, तर यवतमाळचा भाव वाढूनही मागेच पडलेला असतो.

हा फरक जयंती कनानी, संदीप नेलवाल आणि अनुराग अर्जुन यांनी २०१७ साली मुंबईत सुरू केलेल्या व पुढे ‘पॉलिगॉन’ या नावाने ओळखल्या गेलेल्या प्रकल्पाच्या मॅटिक या चलनात स्पष्ट दिसतो. २०२३च्या आरंभी मॅटिकचा भाव सुमारे ०.७६ डॉलर होता आणि वर्षअखेरीस तो सुमारे ०.९७ डॉलर झाला, म्हणजे डॉलरच्या आलेखावर पाव हिश्शाहून अधिक वाढ दिसते. त्याच काळात बिटकॉइन मात्र सुमारे १६,५५० वरून ४२,२७० डॉलरवर गेला. मॅटिकच्या भावाला बिटकॉइनच्या भावाने भागले आणि उत्तर सातोशीत, म्हणजे बिटकॉइनच्या दहा कोटीव्या भागात, मांडले, तर आरंभी सुमारे ४,६०० सातोशी आणि अखेरीस सुमारे २,३०० सातोशी येतात. म्हणजे ज्याने वर्षभर मॅटिक सांभाळले, त्याच्या हातातले बिटकॉइनच्या मापातले मूल्य निम्मे झाले.

आलेखाच्या संकेतस्थळावर हे गुणोत्तर थेट काढता येते:

```
BINANCE:MATICUSDT/BINANCE:BTCUSDT
```

दोन्ही भाव एकाच बाजारातले घेणे आवश्यक आहे, कारण तसे केले तरच डॉलर-रुपयाची चढउतार आणि त्या बाजारातला अधिमूल्याचा भाग भागाकारात गळून पडतो. सप्टेंबर २०२४ पासून मॅटिकची जागा ‘पोल’ या चलनाने घेतल्यामुळे जुना आलेख तिथे संपतो, हेही ध्यानात ठेवावे लागते.

गुणोत्तर चढले, तरी निष्कर्षाची घाई करू नये. पुष्कळ ऑल्टकॉइन बिटकॉइनच्याच दिशेने, पण मोठ्या हेलकाव्याने हलतात. तेजीत ती पुढे पळतात आणि मंदीत अधिक कोसळतात, त्यामुळे केवळ तेजीचा तुकडा पाहिल्यास हेलकाव्यालाच ताकद समजण्याची चूक होते. खरी कसोटी बिटकॉइन पडत असताना लागते. एप्रिल २०२१च्या मध्यापासून १८ मेपर्यंत बिटकॉइन सुमारे एक तृतीयांश उतरला, पण मॅटिक पाच-सहा पट चढले. ही वाढ बिटकॉइनच्या लाटेवर स्वार होऊन आलेली नव्हती, हे म्हणायला इथे आधार आहे. मात्र दोन्ही भाव पडत असताना ऑल्टकॉइन कमी पडल्यामुळेही गुणोत्तर चढते आणि तेव्हा धारकाच्या रुपयांतली रक्कम घटतच असते. म्हणून गुणोत्तराचा आलेख डॉलरच्या आलेखाशेजारी, एकाच कालावधीसाठी मांडून वाचावा लागतो.