अकरा महिन्यांचा कागद

जुन्या वस्तीतून माणसे हुसकली जातात असे म्हटले की मुंबईचे गिरणगाव डोळ्यांपुढे उभे राहते. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या, त्यांच्या जमिनींवर मनोरे उठले आणि भोवतालच्या चाळींतील कामगार कुटुंबे दूर फेकली गेली. वर्धा किंवा हिंगणघाट येथे हीच गोष्ट एकेका खोलीपुरती घडते. म्हणून ती कुणाच्या नजरेत भरत नाही.

विदर्भात १९४९ चा मध्यप्रांत-वऱ्हाड घरभाडे नियंत्रण आदेश लागू होता. भाडेकरार संपविण्याची नोटीस देण्यापूर्वी घरमालकास भाडे नियंत्रकाची परवानगी घ्यावी लागे. ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आला आणि ती पायरी गेली. तथापि, जुन्या भाडेकरूचे संरक्षण उरले. त्याचे भाडे सर्वसाधारणपणे वर्षाला शेकडा ४ हून अधिक वाढविता येत नाही, आणि कायद्यातील कारण न्यायालयात सिद्ध केल्यावाचून त्याला काढता येत नाही.

समजा, बाजारपेठेमागील वाड्यातील एका खोलीचे भाडे ६०० रुपये आहे. कायद्याने वर्षाकाठी त्यात २४ रुपयांची भर पडेल. नवा माणूस त्याच खोलीचे ४,००० देण्यास तयार असतो. या तफावतीतून वाट काढण्यासाठी मालकाला भाडे वाढवावेच लागत नाही. तो कागद बदलतो. पावत्या देणे थांबते आणि अकरा महिन्यांचा 'लिव्ह अँड लायसन्स' करार पुढे येतो. रक्कम थोडीच वाढलेली असते, म्हणून भाडेकरू सही करतो. त्या सहीने तो भाडेकरू राहत नाही. कलम २४ प्रमाणे लेखी करारातील मजकूर हाच निर्णायक पुरावा ठरतो. मुदत संपताच जागा सोडावी लागते. न सोडल्यास दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते.

दुसरी वाट पुनर्बांधणीची. वाडा पाडण्यासाठी जागा मागणाऱ्या मालकाने पैसा व नकाशे तयार असल्याचे दाखवावे, नव्या इमारतीत प्रत्येक भाडेकरूसाठी जवळपास तेवढ्याच क्षेत्रफळाची जागा ठेवावी आणि तशी हमी द्यावी, असे कलम १६ सांगते. पण हे सारे न्यायालयामार्फत जागा घेतली तरच. तोंडी आश्वासनावर, थोडी रक्कम घेऊन जो आपणहून बाहेर पडला, त्याच्या हाती काहीच उरत नाही.

मालकाचीही अडचण खोटी नाही. ६०० रुपयांत कौले बदलून होत नाहीत. परंतु त्या दुरुस्तीचा भार कुणी वाहावा, हा प्रश्न भाडेकरूची सही घेऊन सुटत नाही. तो फक्त वाड्याबाहेर ढकलला जातो.

म्हणून जुन्या वस्तीत काम करणाऱ्या कार्यकर्त्याने आधी पावत्या पाहाव्यात. त्या केव्हापासून बंद झाल्या, हे कळले की पुढचा कागद केव्हा येणार याचा अंदाज बांधता येतो. भाडे मनीऑर्डरने किंवा बँकेतून देण्याची वेळ तीच. सही झाल्यावर धावून जाणाऱ्या वकिलालाही फारसे काही करता येत नाही.