घाण्याचे तेल महाग का पडते?

(सुगीच्या सणानिमित्त शहरातील एका मंडळीत केलेल्या भाषणावरून)



उपासनेनंतर बाहेरच्या टेबलावर आमच्या बहिणींनी काढलेल्या शेंगदाणा तेलाच्या बाटल्या ठेवल्या आहेत. किंमत लिटरला 340 रुपये. मघाशी एक आजी बाटली हातात घेऊन म्हणाल्या, "बाई, मिशनचं काम ना तुमचं? मग दुकानापेक्षा महाग कसं?" आजींचा प्रश्न रास्त आहे. घर चालवणाऱ्या बाईने तो विचारायलाच हवा. त्याचे उत्तर म्हणून हे तेल कसे निघते तेच सांगते.

आम्ही नवापूरच्या बाजूला काम करतो. तिथे डोंगर उतारावरच्या शेतात पावसाळी भुईमूग होतो. काढणीनंतर शेंगा उन्हात चांगल्या वाळाव्या लागतात. शेंग कानाशी धरून हलवली आणि आत दाणा खुळखुळला की ती वाळली. आवाज आला नाही तर आत ओल आहे, आणि ओल म्हणजे बुरशी.

100 किलो शेंगा फोडल्या की साधारण 69 किलो दाणे मिळतात. मग ते सुपात घेऊन बाया निवडायला बसतात. सुरकुतलेला, काळपट, किडका, मोड आलेला, बुरशीचा हिरवट डाग असलेला असा प्रत्येक दाणा बाजूला काढायचा. एक बाई दिवसभरात पंचवीस-तीस किलो दाणे निवडते. एवढ्या निवडीत सुमारे 4 किलो दाणे बाद होतात आणि 65 किलो घाण्याकडे जातात.

घाणा लाकडी आहे, पण बैलाच्या जागी मोटर आहे. एका वेळी पंधरा-सोळा किलो दाणे घालतो. लाट मिनिटाला बारा-पंधरा फेरेच घेते, म्हणून एका घाण्याला तासभर लागतो. हळू फिरण्याचे कारण असे की वेगाने दाबले तर घर्षणाने दाणा तापतो आणि तेलाचा वास उडतो. तेल कोमट होते, पण करपत नाही. निघालेले तेल स्टीलच्या पिंपात तीन-चार दिवस निवळू देतो, मग वरचे तेल कापडातून गाळून भरतो. घाई करून गढूळ तेल भरले तर तळाचा गाळ महिन्याभरात त्याला खवट करतो.

आता हिशेब मांडते. दर हंगामागणिक बदलतात, म्हणून समजायला सोपे आकडे धरू. शेंगा 70 रुपये किलोने धरल्या तर 100 किलोचे 7,000 रुपये. 65 किलो दाण्यांतून सुमारे 26 किलो, म्हणजे 28 लिटर तेल निघते. 38 किलो पेंड उरते. ती 35 रुपयांनी विकली की 1,330 रुपये परत येतात. म्हणजे एका लिटरमध्ये नुसत्या मालाचेच सुमारे 200 रुपये होतात. फोडणे, निवडणे आणि घाण्यावरचा माणूस व वीज मिळून 82 रुपये. बाटली, वाहतूक आणि घाण्याची दुरुस्ती 39 रुपये. झाले 323. उरलेले 17 रुपये पुढच्या सुगीला रोखीने शेंगा घेण्यासाठी बाजूला ठेवतो.

मग कारखान्याला स्वस्त कसे परवडते? आमच्या पेंडेत दहा-बारा टक्के तेल तसेच राहते. मोठ्या कारखान्यात पेंड हेक्झेन नावाच्या द्रावणात भिजवून तेही काढून घेतात, मग ते द्रावण उडवून टाकतात. पुढे कॉस्टिक सोड्याने तेलातील आम्ल काढतात, विशिष्ट मातीतून रंग काढतात आणि दोनशे अंशांच्या वर वाफेने वास काढतात. ते तेल विष नाही. मीही वर्षानुवर्षे तेच खाल्ले आहे. फक्त दर ताडून पाहताना पाकिटावर तेल कोणते लिहिले आहे ते बघा. बरेचदा स्वस्त तेल सोयाबीनचे किंवा पामचे असते.

पण या दोन पद्धतींत एक फरक मोठा आहे. बुरशीच्या दाण्यात अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार होऊ शकते. ते यकृताला घातक असते. कारखान्यात तेल शुद्ध करताना, सोडा आणि माती यांमुळे ते बहुतेक निघून जाते. आमच्या घाण्यात तसे काही नाही. दाण्यात जे आहे त्यातले थोडे तेलात उतरते आणि बरेचसे पेंडेत राहते. पेंड गाईने खाल्ली की ते दुधात येते. म्हणजे कारखाना जे शेवटी काढतो, ते आम्हांला आधीच हातांनी काढावे लागते.

एका वर्षी ऐन काढणीत पाऊस लागला. ओल्या शेंगांचे ढीग घरात पडून राहिले. निवडायला बसलो तर एका पोत्यात चांगल्यापेक्षा डागी दाणे जास्त. ते पोते आमच्याच गटातल्या एका विधवा बहिणीचे होते. तिचे वर्षाचे पैसे त्यात होते. निवडणारी एक जण हळूच मला म्हणाली, "ताई, थोडे थोडे मिसळून घालू. कळणार कोणाला?"

ती खरे बोलत होती. कोणालाच कळले नसते. या विषाला चव नाही, वास नाही. तेल तसेच पिवळे, तसेच खमंग दिसले असते. त्या रात्री मला झोप आली नाही. सकाळी आम्ही बसून ठरवले, पोते खड्ड्यात पुरायचे. जनावरांनाही घालायचे नाही. त्या बहिणीला अर्धी किंमत गटाच्या पैशांतून दिली. पूर्ण देण्याइतके पैसे आमच्याकडे नव्हते. तिचा निम्मा तोटा तिच्यावरच राहिला, हे मी लपवत नाही. तेव्हापासून आम्ही पोते घेण्याआधी शेंगा हलवून बघतो, आणि पाऊस आला तर शेंगा पसरायला समाजमंदिराची खोली उघडतो.

त्या वर्षी आमचा दर फार कमी होता. एक पोते पुरले तर गट बुडेल अशी स्थिती होती, आणि म्हणूनच मिसळण्याचा विचार कोणाच्या तरी मनात आला. आजचा दर आम्ही पुन्हा मांडला तो याच हिशेबाने, की डागी दाणा टाकून देणे आम्हांला परवडले पाहिजे.

या तेलाच्या मर्यादाही सांगते. याने वजन कमी होत नाही; चमचाभर तेलात उष्मांक तेवढेच. "कोलेस्टेरॉल नाही" हे कोणत्याही वनस्पती तेलाला लागू आहे. हे तेल लवकर धुरावते, म्हणून खूप तळणासाठी वापरू नका. फोडणीला, भाजीला, चटणीवर घ्यायला चांगले. बाटली उन्हात ठेवू नका, तीन-चार महिन्यांत संपवा. खवट वास आला तर परत आणा, बदलून देऊ.

गेथशेमाने या नावाचा अर्थ तेलाचा घाणा, हे आपण जाणताच. घाण्यावर काम करायला लागल्यापासून तो शब्द वाचताना मला आधी सुपे घेऊन बसलेल्या बाया दिसतात.

आजी, परवडत असेल तर एक बाटली घ्या. नसेल परवडत तर घरचे तेल चांगलेच आहे. टेबलावर एका ताटलीत बाद केलेले दाणेही ठेवले आहेत. जाता जाता तेवढे मात्र नक्की बघून जा.