फ्रिज बंद, तरी झिणझिण्या चालू

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं त्यांच्यासाठी हा भाग लिहून देतोय. बोलण्यातलं थोडंफार तसंच ठेवलंय, सांभाळून घ्या.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. माझी मावसबहीण पुण्यात दोन मैत्रिणींसोबत भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहते. जुनी इमारत, तिसरा मजला. रात्री साडेनऊला तिचा फोन. "दादा, आमचा फ्रिज चावतोय."

मी विचारलं, चावतो म्हणजे नक्की काय होतं? फरशी पुसलेली असताना अनवाणी पायानं फ्रिजचं दार उघडलं की बोटांना मुंग्या येतात. दाराच्या बिजागरीवरून बोट हलकं फिरवलं तर तिथं काहीतरी थरथरतंय असं वाटतं. चप्पल घातली की काहीच नाही. एक मेकॅनिक बघून गेला होता. तो म्हणाला, कॉम्प्रेसर शॉर्ट झालाय, बदलावा लागेल. ही पैसे भरायच्या बेतात होती.

मी बरीच वर्षं वायरिंगची कामं करतोय, म्हणून "थांब, उद्या येतो" म्हणालो. आणि तोपर्यंत एक पथ्य सांगितलं : गिझर लावू नकोस. फ्रिज चावतोय आणि मी गिझर बंद ठेवायला सांगतोय, हे तिला विचित्र वाटलं. ते का, ते पुढे येईलच.

दुसऱ्या दिवशी गेलो. कोरडी चप्पल, कोरडे हात. फ्रिजला हात लावून बघायचं नाही, टेस्टर लावायचा. तोही रंगावर लावून उपयोग नाही, बिजागरीच्या उघड्या स्क्रूला लावायचा. दिवा लागला, पण मिणमिणता. यातून फारसं कळत नाही, कारण टेस्टरचा दिवा अगदी नखभर करंटवरही लागतो. तो फक्त सांगतो की इथं काहीतरी आहे. किती आहे, कुठून आलंय, हे सांगत नाही.

मग भिंतीवरचं फ्रिजचं बटण बंद केलं. दिवा तसाच! इथंच कॉम्प्रेसरवरचा संशय उडाला. बटण बंद केल्यावर फ्रिजला फेज मिळतच नाही, मग कॉम्प्रेसर करंट देणार कुठून? आता प्लग पूर्ण उपसला. दिवा विझला.

जरा थांबून विचार करा. बटण बंद असताना करंट येतोय, प्लग काढल्यावर थांबतोय. बटण फक्त फेज तोडतं. वरची जाड पिन, म्हणजे अर्थिंगची, ती बटणातून जातच नाही. ती कायम जोडलेली असते. म्हणजे ज्या तारेनं करंट फ्रिजच्या अंगावरून काढून जमिनीत न्यायचा, तीच तार करंट फ्रिजवर आणून सोडत होती.

मग तो तारेत येतोय कुठून? मी विचारलं, या महिन्यात घरात नवीन काय आलं? बाथरूमबाहेर वॉशिंग मशीन होतं, पंधरा दिवसांपूर्वी घेतलेलं. त्याचं बटण कायम चालू. फ्रिजचा प्लग परत लावला, स्क्रूवर टेस्टर धरला आणि बहिणीला मशीनचं बटण बंद करायला सांगितलं. दिवा विझला. चालू केलं, लागला. चावत होता फ्रिज, पण दात वॉशिंग मशीनचे होते. मशीनला पत्र्यावर रंग आणि वर प्लॅस्टिकचं झाकण, त्यामुळे ते स्वतः कुणाला जाणवत नव्हतं.

म्हणजे मशीन बिघडलंय का? तर नाही. अशा मशीनच्या आत, आणि कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायमध्येही, विजेतला गोंगाट गाळायला एक फिल्टर असतो. त्यात एक छोटा कपॅसिटर फेजपासून पत्र्याच्या अंगाला आणि दुसरा न्यूट्रलपासून अंगाला जोडलेला असतो. त्यातून थोडासा करंट अंगावर झिरपणारच, ती रचनाच तशी आहे. 4.7 नॅनोफॅरडचा एक कपॅसिटर धरला तर आपल्या 230 व्होल्ट, 50 हर्ट्झवर तो सुमारे 0.34 मिलिअँपिअर सोडतो. माणसाला साधारण अर्ध्या मिलिअँपिअरपासून जाणवायला लागतं, ओल्या नाजूक त्वचेला कधी त्याहून कमीही. काही फिल्टरमध्ये कपॅसिटर जास्त असतात, आणि एकाच अर्थवर दोन-तीन उपकरणं असली की सगळ्यांची बेरीज होते. अर्थिंग नीट असेल तर हा झिरपा गुपचूप जमिनीत जातो, तुम्हाला पत्ताही लागत नाही. अर्थिंग तुटलं की त्याला जायला वाट उरत नाही. मग तुम्ही अनवाणी येऊन हात लावता आणि ती वाट बनता.

आता मल्टिमीटर काढला. सॉकेटमध्ये प्रोब घालणं हे ज्याला सवय आहे त्याचंच काम, तुम्ही करू नका. फेज ते न्यूट्रल 231 व्होल्ट. छान. फेज ते अर्थ 117. न्यूट्रल ते अर्थ 114. अर्थिंग शाबूत असतं तर फेज ते अर्थही 230 च्या आसपास दिसलं असतं आणि न्यूट्रल ते अर्थ फक्त दोन-चार व्होल्ट. इथं बरोबर निम्मे-निम्मे झालेत. हीच अधांतरी अर्थची खूण : तार जमिनीला टेकलेलीच नाही, ती दोन कपॅसिटरच्या मधोमध लोंबकळतेय.

झिरपा आणि खरा बिघाड यातला फरकही बघितला. फ्रिजचं अंग आणि न्यूट्रल यांच्यामध्ये 15 वॅटचा बल्ब जोडला. तो लागला नाही, आणि 114 व्होल्ट जवळजवळ शून्यावर आले. म्हणजे मागे जोर नाही, नुसता झिरपा आहे. बल्ब लागला असता तर कुठंतरी फेजची तार खरोखर अंगाला टेकली आहे असा अर्थ झाला असता.

आता गिझरचं. घरातल्या सगळ्या थ्री पिन सॉकेटच्या अर्थ तारा एकमेकींना जोडलेल्या होत्या, फक्त जमिनीशी नाही. समजा गिझरची कॉइल फुटली आणि फेज टाकीला लागला. अर्थिंग असेल तर मोठा करंट जमिनीत धावतो, संरक्षण देणारा स्विच पडतो. इथं वाटच नाही, म्हणून एमसीबी ढिम्म. आणि फेज त्याच तारेनं फ्रिज, मशीन, मायक्रोवेव्ह, सगळ्यांच्या अंगावर पूर्ण 230 व्होल्टनं, पूर्ण जोरानिशी येऊन बसणार. आज मुंग्या देणारी बिजागरी त्या दिवशी जीव घेऊ शकते. म्हणून गिझर बंद.

तिसऱ्या दिवशी सोसायटीचे सेक्रेटरी काका आणि लायसन्सवाले इलेक्ट्रिशियन यांच्यासोबत खाली मीटर रूममध्ये गेलो. मेन बंद केला. तिसऱ्या मजल्याकडून आलेली हिरवी तार शोधली. ती भिंतीवरच्या जीआय पट्टीला, म्हणजे अर्थिंगच्या खड्ड्यातून वर आलेल्या पट्टीला, बोल्टनं कसलेली असायला हवी होती. भिंतीत ओल. बोल्ट गंजलेला, तारेचा लग खाऊन गेलेला. बोटानं ढकलली तर तार हातात आली. पट्टी घासून स्वच्छ केली, कल्हई केलेला नवा लग दाबून बसवला, नवा बोल्ट आणि वॉशर, वरून पेट्रोलियम जेलीचा हात.

वर येऊन परत मोजलं. फेज ते अर्थ 229, न्यूट्रल ते अर्थ 2. फेज आणि अर्थमध्ये 100 वॅटचा बल्ब धरला, झगझगीत लागला. पण बल्बवर भुलू नका. त्याला अर्धा अँपिअरही लागत नाही, त्यामुळे पन्नास ओमच्या बेकार अर्थवरही तो लागतो. खरं उत्तर अर्थ टेस्टर देतो. तिथं 4 ओमच्या जवळपास आलं. 230 भागिले 4, म्हणजे फार तर 57 अँपिअर. एवढ्यावर 16 अँपिअरचा एमसीबी पडेल, पण क्षणात पडेलच असं नाही. म्हणून घरमालकांशी बोलून मेनला 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घेतला. तो जाणारा आणि परत येणारा करंट ताडून बघतो, फरक पडला की तोडतो.

एक गैरसमज. आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबलं, तो पडला, म्हणजे अर्थिंग ठीक आहे असं बरेच जण धरतात. ते बटण अर्थची तार वापरतच नाही. अर्थिंग नसलेल्या घरातही आरसीसीबी तसाच पडतो. तो माणसालाही वाचवू शकतो, पण आधी शॉक बसतो, मग तो तोडतो.

आणि एक जुगाड, जो तिला आधी कुणीतरी सुचवला होता. सॉकेटच्या आत न्यूट्रल आणि अर्थमध्ये तारेचा तुकडा टाकायचा. मुंग्या लगेच थांबतात, म्हणूनच तो फसवा आहे. ज्या दिवशी मागे कुठं न्यूट्रल सैल होऊन सुटेल, त्या दिवशी चालू उपकरणातून फेज थेट पत्र्यावर येईल. नळाच्या पाइपला अर्थ बांधणंही तसंच : तुमचा बिघाड शेजाऱ्याच्या नळाला.

तुमच्या घरी मुंग्या आल्या तर काय कराल? पायात कोरडी चप्पल. टेस्टर उघड्या स्क्रूला. बटण बंद करून बघा, मग प्लग उपसून बघा. बटणानं थांबलं तर त्याच उपकरणाकडे बघायचं. प्लग काढल्यावरच थांबलं तर दोष बहुतेक अर्थच्या तारेत, आणि बाकीची बटणं एकेक बंद करत गेलात की झिरपा कुणाचा तेही सापडतं. बोर्ड उघडू नका, ते इलेक्ट्रिशियनचं काम. आणि मुंग्यांऐवजी झटका बसला तर शोधाशोध नाही, सरळ मेन बंद.

दोन पिनांच्या चार्जरवर लॅपटॉपचं धातूचं अंग हलकं झिणझिणतं, ते वेगळं. तिथं अर्थची पिनच नाही, झिरपा त्याच जातीचा, पण घराच्या अर्थिंगबद्दल त्यातून काही कळत नाही.

आठवड्यानं बहिणीचा फोन आला. फ्रिज गप्प आहे, कॉम्प्रेसर तोच आहे. फक्त नव्या आरसीसीबीनं गिझर लावल्यावर दोनदा मेन पाडला होता. मी म्हटलं, गिझरचा प्लग काढून ठेव, मेकॅनिकला बोलव. टाकी उघडली तेव्हा कॉइलला बारीक चीर सापडली.

पुढच्या भागात भेटूच.