मुलाचा घसा दुखतोय: घरी थांबायचं कधी, दवाखाना गाठायचा कधी?

(आपल्या मंडळातर्फे यंदा पावसाळ्यात बेळगावजवळच्या एका खेड्यात भरवलेल्या आरोग्य शिबिरात केलेलं भाषण.)

भाताची लावणी सोडून तुम्ही आलात, तेव्हा आम्ही जास्त वेळ घेणार नाही. आज एकाच गोष्टीबद्दल बोलायचं आहे. पावसाळ्यात घरोघरी मुलांचे घसे दुखतात. त्यातले बहुतेक आपोआप बरे होतात, पण थोडे असे असतात की त्यांच्याकडे दुर्लक्ष झालं तर पुढे हृदयाला धोका होतो. हे दोन प्रकार घरी कसे ओळखायचे, ते सांगतो.

समजा, एका घरात दोन भावंडं आहेत. धाकटा चार वर्षांचा, थोरली नऊ वर्षांची. दोघांचाही घसा दुखतोय.

धाकट्याचं नाक वाहतंय, खोकला आहे, आवाज बसलाय, अंग थोडं कोमट आहे. तरी तो खेळतो, पेज पितो. ही विषाणूंची सर्दी. हिच्यावर अँटिबायोटिकचा काही उपयोग होत नाही. त्याला कोमट पाणी, पेज, मऊ भात द्या. मूल एक वर्षावरचं असेल तर चमचाभर मध चालेल. पाच-सात दिवसांत घसा उतरतो. ताप तीन दिवसांपेक्षा जास्त राहिला किंवा मूल खायचं-प्यायचं बंद झालं, तर मात्र दाखवा.

आता थोरली. तिला संध्याकाळी एकाएकी सडकून ताप आला. डोकं दुखतंय, एकदा उलटी झाली, थुंकी गिळतानाही डोळ्यांत पाणी येतं. पण नाक कोरडं आहे आणि खोकला अजिबात नाही. आईने तिला दारात उजेडाकडे तोंड करून बसवलं, "आऽऽ" करायला सांगितलं आणि चमच्याच्या दांड्याने जीभ हलकेच दाबून पाहिलं. टॉन्सिल लालभडक, सुजलेले आणि त्यांवर पांढरे ठिपके. जबड्याच्या खाली दोन्ही बाजूंना बोटं फिरवली तर गाठी हाताला लागल्या, आणि दाबल्यावर मुलगी कळवळली.

म्हणजे आईने चार गोष्टी पाहिल्या: ताप आहे का, खोकला-सर्दी नाही ना, टॉन्सिलवर सूज किंवा पांढरे ठिपके आहेत का, आणि गळ्यात दुखऱ्या गाठी आहेत का. पाच ते पंधरा वर्षांच्या मुलात यातल्या तीन-चार गोष्टी जुळल्या, तर तो घसा स्ट्रेप्टोकॉकस नावाच्या जंतूचा असण्याची शक्यता बरीच वाढते. नुसतं बघून डॉक्टरांनाही खात्रीने सांगता येत नाही. सोय असेल तिथे कापसाच्या काडीने घशातला नमुना घेऊन तपासतात. पण अशा मुलाला दवाखान्यात न्यायचं, हे आपण घरीच ठरवू शकतो.

तुम्ही म्हणाल, हासुद्धा घसा आठवड्याभरात आपोआप बरा होतो की! खरं आहे, होतो. फसगत तिथेच होते. या जंतूशी लढायला शरीर जी शस्त्रं तयार करतं, ती काही मुलांत चुकून स्वतःच्याच सांध्यांवर आणि हृदयाच्या झडपांवर चालतात. घसा बरा झाल्यावर दोन-तीन आठवड्यांनी ताप येतो, आज गुडघा सुजतो, दोन दिवसांनी तो उतरून घोटा धरतो. याला संधिवाताचा ताप म्हणतात. सांधे पुढे मोकळे होतात, पण झडप एकदा खराब झाली की पूर्ववत होईलच असं नाही. अशा मुलाला दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन वर्षानुवर्षे घ्यावं लागतं. काहींना चढ चढताना दम लागू लागतो, काहींची झडप बदलावी लागते. तेव्हा घसादुखीनंतर महिन्याभरात सांधे सुजले किंवा दम लागू लागला, तर डॉक्टरांना त्या घशाबद्दल आवर्जून सांगा.

हे टाळणारं औषध साधं आणि स्वस्त आहे: पेनिसिलिन किंवा अमॉक्सिसिलिन. घसा दुखू लागल्यापासून नऊ दिवसांच्या आत ते सुरू झालं, तरी हृदयाचं रक्षण होतं. म्हणून थोरलीला मध्यरात्री गाडी करून न्यायची गरज नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आरोग्य केंद्रात न्या. एखाद-दुसरा दिवस गेला असेल तर "आता उशीर झाला" म्हणून घरी बसू नका. तोवर तापासाठी पॅरासिटामॉल द्या. वीस किलोच्या मुलीला 500 ची अर्धी गोळी, दोन डोसांमध्ये निदान सहा तासांचं अंतर ठेवून. मुलांना अ‍ॅस्पिरिन देऊ नका.

गोळ्या सुरू झाल्या की बहुधा दोन-तीन दिवसांत ताप जातो, मुलगी अंगणात पळू लागते. मग घरात कुणीतरी म्हणतं, "बरी झाली, आता कशाला उगाच गरम औषध?" उरलेल्या गोळ्या फळीवर जातात आणि पुढच्या वेळी धाकट्याच्या सर्दीला दिल्या जातात. या दोन्ही चुका आहेत. घशातला जंतू पुरता जायला अमॉक्सिसिलिन दहा दिवस लागतं. दिनदर्शिकेवर पहिल्या आणि दहाव्या दिवशी खूण करा. कधी औषधाने अंगावर पुरळ उठलं असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा, ते दुसरं औषध देतील.

आता शेवटची गोष्ट: सकाळची वाटसुद्धा पाहायची नाही, असा घसा. मूल स्वतःची लाळ गिळू शकत नाही, ती तोंडातून गळते. श्वास घेताना घरघर किंवा शिट्टीसारखा आवाज येतो. तोंड उघडत नाही, आवाज तोंडात गरम घास धरल्यासारखा येतो. मान एका बाजूला सुजते किंवा ताठ होते. यातलं एक जरी दिसलं, तर 108 ला फोन करा आणि मुलाला ज्या स्थितीत बरं वाटतं त्याच स्थितीत बसवून न्या. अशा मुलाच्या तोंडात चमचा घालून पाहू नका. पडजीभ उचलायला बोट तर मुळीच घालू नका, त्याने श्वास पुरता अडकू शकतो.

घशात राखाडी पापुद्रा दिसला, तर तो घटसर्प असू शकतो. तो खरवडायचा नाही, ओढला की रक्त येतं. लगेच मोठ्या रुग्णालयात न्यायचं, कारण त्याचं विष उतरवणारं औषध जितकं लवकर मिळेल तितकं चांगलं. यापासून वाचवणारी लस सरकारी दवाखान्यात फुकट मिळते: दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना, मग दीड वर्षाला, पाच-सहा वर्षांना, आणि पुन्हा दहाव्या व सोळाव्या वर्षी. लहानपणीचे डोस बहुतेकांचे होतात. राहतात ते शाळेच्या वयातले. घरी गेल्यावर लसीचं कार्ड काढून पाहा. डोस राहिला असेल तर आशाताई इथे त्या पलीकडच्या टेबलाशी बसल्या आहेत, त्यांच्याकडे नाव लिहून जा.

आणि ज्यांच्या मुलाचा घसा आजच दुखतोय, त्यांनी रांगेत न थांबता पुढे यावं. दारातला उजेड अजून चांगला आहे, आपण आत्ताच पाहून घेऊ.